पाकिटामागची चौकट

जपानी करी-रूचं खोकं पुढून पाहिलं तर आपल्याकडच्या माणसाला ते ओळखीचंच वाटतं. चित्रात बटाटा, गाजर, कांदा, तपकिरी दाट रस्सा आणि शेजारी पांढरा भात असतो. आत चॉकलेटच्या वडीसारखी, खाचा पाडलेली एक लादी असते. भाज्या शिजल्या की तिचे तुकडे पातेल्यात सोडायचे, ते विरघळून रस्सा घट्ट होतो. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाईच्या आसपास भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. जपानहून सुट्टीला घरी येणाऱ्यांच्या बॅगेतून असं खोकं पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातही पोचतं. भाज्या आपल्याच घालायच्या, मसाला तेवढा त्यांचा, म्हणजे पदार्थ शाकाहारी होणार असं घरातले धरून चालतात. प्रत्यक्षात या लादीत वजनाने सर्वांत जास्त असतं ते स्निग्ध द्रव्य, आणि अनेक खपाऊ प्रकारांत ते गाय आणि डुक्कर यांच्या एकत्र केलेल्या चरबीचं असतं.

ही गोष्ट कंपनी लपवत नाही. खोक्याच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगावर एक आयताकृती चौकट छापलेली असते, त्यात ती स्पष्ट लिहिलेली असते, फक्त जपानीत. जपानी येत नसणाऱ्याला ती चौकट म्हणजे बारीक अक्षरांची गर्दी वाटते. पण या चौकटीची मांडणी कायद्याने ठरलेली आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक पाकिटावर तशीच सापडते. कोणती माहिती कुठे असते हे कळलं, तर वीसेक अक्षरसमूह ओळखूनही बरंच काही वाचता येतं.

चौकटीत वरून खाली ओळी असतात. पहिल्या ओळीत पदार्थाचा प्रकार, मग घटक, निव्वळ वजन, मुदत, साठवण्याची पद्धत आणि शेवटी उत्पादकाचं नाव-पत्ता. घटकांच्या ओळीच्या डोक्यावर 原材料名 ही चार अक्षरं असतात, उच्चार ‘गेनझाइर्योमेइ’. बोट ठेवायचं ते इथे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात, म्हणजे सर्वांत जास्त असलेला सर्वांत आधी. दोन घटकांच्या मध्ये आपल्या स्वल्पविरामासारखं छोटं तिरकं चिन्ह येतं. पहिल्या घटकापाठोपाठ बहुतेक वेळा एक कंस दिसतो. तो २०१७ साली आलेल्या नियमामुळे आहे आणि त्यात त्या घटकाचा देश किंवा तो कुठे तयार झाला ते लिहिलेलं असतं. ‘देशात तयार’ असा शेरा असला, तर प्रक्रिया जपानात झाली एवढंच त्यातून कळतं. मूळ पीक किंवा जनावर कुठलं, हे त्यातून ठरत नाही.

आता करी-रूच्या एका नमुनेदार चौकटीतून ओळीने जाऊ. सुरुवात होते ‘खाद्य स्निग्धे’ या शब्दाने आणि त्यापुढच्या कंसात 牛脂豚脂混合油 अशी सात अक्षरं असतात. पहिलं 牛 म्हणजे गाय-बैल, तिसरं 豚 म्हणजे डुक्कर. दोन्हींनंतर येणारं 脂 म्हणजे चरबी. त्याच कंसात पुढे पाम तेल. मग गव्हाचं पीठ, स्टार्च, मीठ, साखर, करी पावडर. ज्या पदार्थाचं नावच करी आहे त्यात करी पावडर सहाव्या जागी येते, यावरूनच लादी मुख्यतः चरबी आणि पिठाची आहे हे ध्यानात येतं. त्यानंतर केळ्याचा आणि सफरचंदाचा लगदा, मध, दुधाची भुकटी, चीज, चिकनचा अर्क असे लहान घटक येतात.

इथे घाई केली की दोन बाजूंनी फसायला होतं. 牛 हे अक्षर दिसलं की गोमांस, असं धरलं तर 牛乳 हा शब्दही गोमांसच वाटेल, पण ते साधं गाईचं दूध आहे. मांस म्हणायचं असेल तर मागे 肉 येतं, चरबीला 脂. म्हणून जोडीतलं दुसरं अक्षर पाहिल्याशिवाय पहिल्याचा निकाल लावायचा नाही. दुसरीकडे, मांसाचं चित्राक्षर कुठेच नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असंही म्हणता येत नाही. कोंबडी आणि डुक्कर यांचे अर्क कितीदा तरी परकीय शब्दांसाठीच्या कोनदार लिपीत, काताकानात, लिहितात. तिथे शोधायचा तो शेवट エキス असा असतो, उच्चार ‘एकिसु’, म्हणजे अर्क. त्याच्या आधी ‘चिकिन’, ‘पोकु’ किंवा ‘बीफु’ येतं.

घटकांच्या रांगेत पुढे कुठेतरी एक तिरकी रेघ येते, ／ अशी. ही रेघ महत्त्वाची आहे. २०१५ साली जपानने अन्नाच्या लेबलांबद्दलचे विखुरलेले नियम एका कायद्याखाली आणले आणि खाद्यपदार्थ व मिश्रक द्रव्यं वेगळी दिसली पाहिजेत असं ठरवलं. प्रक्रिया केलेल्या पदार्थांना त्यासाठी मार्च २०२० पर्यंत मुदत मिळाली. रेघेच्या आधी खाण्याच्या वस्तू, रेघेनंतर रंग, वास, चव आणि टिकाऊपणा यांसाठी घातलेली द्रव्यं. काही कंपन्या रेघेऐवजी नवी ओळ सुरू करतात किंवा मध्ये आडवी रेषा मारतात, पण काम तेच. आपल्या नमुन्यात रेघेनंतर चव वाढवणारी अमिनो आम्लं, कॅरॅमल रंग, 乳化剤, आंबटपणासाठीचं द्रव्य आणि सुगंध अशी रांग आहे.

यातलं 乳化剤 अनेकांना घाबरवतं. 乳 म्हणजे दूध हे एकदा कळलं की ते अक्षर जिथे दिसेल तिथे दूध आहे असं वाटू लागतं. पण हा पूर्ण शब्द तेल आणि पाणी एकजीव करणाऱ्या द्रव्याचा आहे, इमल्सिफायरचा. ते बहुधा सोयाबीनपासून किंवा इतर वनस्पतिज तेलांपासून बनतं. 乳酸 म्हणजे लॅक्टिक आम्ल, तेही दूध असल्याचा पुरावा नाही. 豆乳 तर सोयाबीनचं दूध. याउलट लोणी आणि चीज हे काताकानात ‘बाता’ आणि ‘चीझु’ असे लिहिले जातात. त्यांत 乳 अक्षर नसलं तरी दूध आहेच. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पाकीट तपासायचं, तर एका अक्षरावर विसंबून चालत नाही. त्याच्यासाठी चौकटीत आणखी भरवशाची जागा आहे.

ती जागा म्हणजे घटकांच्या अगदी शेवटचा कंस. त्याची सुरुवात 一部に अशी होते, म्हणजे ‘काही भागात’, आणि शेवटी 含む येतं, उच्चार ‘फुकुमु’, म्हणजे ‘समाविष्ट आहे’. या दोन टोकांमध्ये ॲलर्जी करू शकणाऱ्या पदार्थांची नावं मधल्या ठिपक्यांनी जोडून लिहिलेली असतात. आपल्या करी-रूच्या कंसात दूध, गहू, गोमांस, सोयाबीन, कोंबडी, केळं, डुक्कर आणि सफरचंद अशी आठ नावं आहेत. म्हणजे चरबीचा शोध ज्याला वरच्या ओळींत लागला नाही, त्यालाही तो इथे लागू शकतो.

या कंसामागे जपानची सक्तीची यादी आहे. २००१ साली ती सुरू झाली तेव्हा त्यात अंडं, दूध, गहू, बकव्हीट आणि शेंगदाणा हे पाच पदार्थ होते. २००८ मध्ये कोळंबी आणि खेकडा आले. अक्रोडाची ॲलर्जी वाढताना दिसल्यावर २०२३ मध्ये तोही सक्तीच्या यादीत गेला आणि कंपन्यांना जुनी पाकिटं संपवायला मार्च २०२५ पर्यंत वेळ मिळाला. ही आठ नावं पाठ करण्याजोगी आहेत: 卵 अंडं, 乳 दूध, 小麦 गहू, そば बकव्हीट, 落花生 शेंगदाणा, えび कोळंबी, かに खेकडा, くるみ अक्रोड. पर्यायी लिखाणंही चालतात, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. अंडं 玉子 किंवा たまご असंही येतं, आणि शेंगदाणा काताकानात ‘पीनात्सु’ असा येतो.

बकव्हीट म्हणजे आपल्याकडे, विशेषतः उत्तर भारतात, उपवासाला खाल्लं जाणारं कुट्टू. जपानात त्याच्या शेवयांना सोबा म्हणतात आणि त्याची ॲलर्जी तिथे गंभीर मानली जाते. पण याकिसोबा या नावाने विकल्या जाणाऱ्या परतलेल्या शेवया साधारणपणे गव्हाच्या असतात, नाव मात्र सोबाचं. त्यामुळे पाकिटाच्या दर्शनी बाजूवरून काही ठरवायचं नाही, शेवटच्या कंसात そば आहे का ते पाहायचं.

सक्तीच्या यादीखाली दुसरी यादी आहे, शिफारशीची. सोयाबीन, तीळ, बदाम, सफरचंद, केळं, गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन, सामन आणि बांगड्याच्या जातीचा मासा असे वीस पदार्थ तीत धरले जात होते. ते लिहावेत अशी अपेक्षा असते, बंधन नसतं. म्हणून कंसात तीळ नाही, यावरून पदार्थात तीळ नाहीच असा निष्कर्ष निघत नाही. त्यावर एक चांगली खूण आहे. बऱ्याच कंपन्या चौकटीबाहेर छोटं कोष्टक छापतात आणि त्याच्या डोक्यावर किती पदार्थांचा विचार केला तो आकडा देतात. ２８品目 असं लिहिलं असेल, तर सक्तीचे आठ आणि शिफारशीचे वीस असे अठ्ठावीसही तपासले आहेत. ８品目 असेल तर फक्त सक्तीचे. याद्या बदलल्या की हे आकडेही बदलतात, पण लहान आकडा आणि मोठा आकडा यातला फरक कायम उपयोगी पडतो.

शेवटचा कंस नसेल तर? काही उत्पादक दुसरी पद्धत वापरतात. ते प्रत्येक घटकामागे त्याचा कंस देतात: सोया सॉस, कंसात ‘गहू, सोयाबीन समाविष्ट’. ही पद्धत जास्त स्पष्ट वाटते, पण तिच्यात एक सवलत आहे. एकदा लिहिलेला पदार्थ पुढच्या घटकात परत आला, तर तो पुन्हा लिहिण्याची गरज नसते. समजा जेवणाच्या तयार डब्यात सोया सॉसपुढे गहू लिहिला आहे आणि एखाद्याने सॉसची पुडी बाजूला ठेवून बाकीचं खायचं ठरवलं. डब्यातल्या तळलेल्या तुकड्याच्या आवरणातही गहू असू शकतो आणि तिथे तो पुन्हा छापलेला नसेल. अशा पाकिटात एखादा घटक काढून उरलेलं सुरक्षित मानता येत नाही. पूर्ण डबाच त्या ॲलर्जीसाठी बाद धरावा लागतो.

याद्यांना स्वतःच्या मर्यादाही आहेत, आणि महाराष्ट्रातल्या खाणाऱ्याला सर्वांत जास्त खटकणारी मर्यादा माशाची आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेली दाशी, म्हणजे रश्शाचं मूळ पाणी, बहुतेकदा सुकवून धुरावलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. चिप्स, लोणची, सॅलडवरचं सॉस, साध्या दिसणाऱ्या भाजीच्या शेवया अशा अनेक ठिकाणी ती असते. पण कात्सुओ दोन्ही याद्यांत नाही. म्हणजे शेवटचा कंस शुद्ध शाकाहारी दिसला तरी घटकांच्या ओळीत かつお असू शकतं. शाकाहारी व्यक्तीने आणि माशाची ॲलर्जी असणाऱ्याने कंसावर न थांबता पूर्ण ओळ वाचायला हवी, आणि त्यात かつお, 魚 आणि 魚介 या तिन्हींचा शोध घ्यायला हवा. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ मासा आणि मासे-शिंपले.

तरीही एक फट उरते. एखादा घटक स्वतःच अनेक वस्तूंचा बनलेला असेल, जसं सॉस, आणि तो एकूण पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या आत काय आहे ते फोडून सांगण्याची सक्ती नाही. चौकटीत फक्त ‘सॉस’ एवढंच येऊ शकतं. त्या सॉसमध्ये गहू असला तर ॲलर्जीच्या नियमामुळे तो जाहीर करावा लागतो. अँकोव्ही मासा असला तर तसं बंधन नाही. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्याला अशा वेळी चौकटीतून पूर्ण उत्तर मिळत नाही. उत्तर हवं असेल तर ते पाकिटावर छापलेल्या ग्राहक-चौकशी क्रमांकावरच मिळतं.

चौकटीच्या बाहेरची एक-दोन वाक्यंही वाचण्यासारखी असतात. ‘अमुक असू शकेल’ असा संदिग्ध इशारा जपानमध्ये घटकांच्या यादीत देता येत नाही. मिसळण्याची शक्यता असेल तर कंपन्या बाहेर लिहितात की याच कारखान्यात अंडं, दूध असलेले पदार्थही बनतात. नोरी या समुद्री शेवाळाच्या पाकिटावर तर असंही वाक्य सापडतं की हे शेवाळ जिथून काढलं जातं तिथे कोळंबी आणि खेकडेही राहतात. घटक एकच, शेवाळ, आणि तरी えび व かに ही अक्षरं! ज्याला कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी हा खरा इशारा आहे. मात्र ही वाक्यं ऐच्छिक आहेत. ती नसली म्हणून कारखाना वेगळा आहे असं समजता येत नाही.

घटक कळल्यावर उरतं ते कृतीचं. करी-रूच्या खोक्यावर पातेल्याच्या चित्राशेजारी गॅस बंद करण्याची सूचना असते: आच थांबवा, मग लादीचे तुकडे टाका, विरघळल्यावर पुन्हा मंद आचेवर शिजवा. उकळत्या पाण्यात टाकलं की पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगतो, आतला भाग कोरडा राहतो आणि गुठळ्या होतात, म्हणून ही सूचना. गोठवलेल्या ग्योझांवरची, म्हणजे सारण भरलेल्या मोदकासारख्या करंज्यांवरची, सूचना मात्र प्रकृतीशी निगडित आहे. त्या पांढऱ्या, गुळगुळीत आणि शिजवलेल्या वाटतात. चौकटीत ‘गोठवण्यापूर्वी उष्णता दिली का’ अशी ओळ असते. उत्तर 加熱してありません असेल तर दिलेली नाही, आतलं मांस कच्चं आहे आणि पूर्ण शिजवल्याशिवाय खायचं नाही. 加熱してあります असेल तर दिलेली आहे. मराठीसारखाच इथेही नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे वाक्याची सुरुवात ओळखून थांबलं तर अर्थ उलटा लागतो.

मधाबद्दलचा इशारा त्याहून गंभीर आहे. चौकटीत はちみつ, ‘हाचिमित्सु’, दिसलं आणि जवळ कुठे १ हा आकडा व 歳 अक्षर असेल, तर तो एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका असा मजकूर असतो. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढू शकतात. जपानच्या आरोग्य खात्याने १९८७ मध्येच याबद्दल सूचना काढली होती. तरी २०१७ मध्ये टोकियोत फळांच्या रसात मिसळलेला मध दिलेल्या सहा महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाला.

तारीख वाचतानाही गल्लत होते. जपानी क्रम वर्ष, महिना, दिवस असा असतो. २६.३.१४ म्हणजे १४ मार्च २०२६. आपल्या सवयीने वाचलं तर ते २६ मार्च २०१४ होतं आणि चांगलं पाकीट कचऱ्यात जातं. क्वचित ८.३.१४ असंही छापलेलं सापडतं, तिथे ८ म्हणजे रेइवा या सम्राटपर्वाचं आठवं वर्ष, पुन्हा २०२६ च. तारखेच्या डोक्यावरचे शब्दही दोन प्रकारचे आहेत. 消費期限 ही नाशिवंत मालाची मुदत, ती उलटली की खायचं नाही. 賞味期限 म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम राहते, नंतर तो पदार्थ लगेच खराब होतो असं नाही. दोन्ही मुदती न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटासाठी आहेत. साठवणीच्या ओळीत १०℃ असा आकडा दिसला आणि पाकीट दिवसभर विमानात व टॅक्सीत उन्हाळ्यात फिरलं असेल, तर छापलेली तारीख लागू राहत नाही.

दुकानातून घेतलेल्या आयात पाकिटावर एक भारतीय स्टिकरही असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहारासाठी हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण त्यावर येतात. तो त्रिकोण असेल तर चरबी शोधायचे कष्टच वाचतात. मात्र ॲलर्जीची भारतीय यादी जपानी यादीवर बरोबर बसत नाही. भारतात मासे आणि सोयाबीन जाहीर करणं सक्तीचं आहे, जपानच्या सक्तीच्या यादीत ते नाहीत. जपानमध्ये बकव्हीट सक्तीचं आहे, भारताच्या यादीत त्याचं नाव नाही, आणि तीळ तर दोन्हीकडे सक्तीबाहेर. म्हणून कुट्टूची ॲलर्जी असलेल्याने स्टिकरवर न थांबता त्याच्याखालचा जपानी कंस वाचावा, माशाची ॲलर्जी असलेल्याने दोन्ही वाचावीत. स्टिकर नेमकं घटकांच्या चौकटीवरच डकवलेलं असेल, तर ते कोपऱ्यातून हलकेच सोलता येतं का पाहावं. तेही जमलं नाही तर पाकिटाच्या पट्टीसंकेतातला क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर तोच माल शोधावा. मोठ्या जपानी कंपन्या घटकांची आणि ॲलर्जीची माहिती तिथेही देतात.